रेषेखालचे मीटर

लोकल गाडी एका स्टेशनातून सुटते. पहिल्या ४० सेकंदांत तिचा वेग शून्यावरून २० मीटर प्रति सेकंद होतो. पुढची ५० सेकंदे ती त्याच वेगाने धावते, मग ब्रेक लागतात आणि २५ सेकंदांत ती पुढच्या स्टेशनात थांबते. एकूण ११५ सेकंद. आलेखावर काळ आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घेतला की चढण, सपाट माथा आणि उतार असा आकार तयार होतो. प्रश्न एवढाच असतो, की गाडीचे विस्थापन किती?

नववीच्या मुलांना असा प्रश्न घातला, तर उत्तरे सहसा चार तऱ्हेची येतात. कुणी शून्य म्हणतो, कुणी २३०० मीटर, कुणाचे ५९४० येते, तर कुणी १६५० मीटर लिहितो. बरोबर आहे ते शेवटचे. पण उरलेली तीनही उत्तरे अंदाजपंचे आलेली नसतात. प्रत्येकामागे आलेख वाचण्याची एक ठरावीक चूक असते, आणि त्यातली प्रत्येक चूक पुस्तकाच्या मागचे उत्तर न पाहता पकडता येते. त्यासाठी रेषेखालच्या क्षेत्रफळाला विस्थापन का म्हणतात, हे आधी नीट कळायला हवे.

सपाट माथ्याचा भाग घ्या. गाडी ५० सेकंद २० मीटर प्रति सेकंद वेगाने धावली, म्हणजे ५० गुणिले २०, अर्थात १००० मीटर पुढे गेली. आलेखावर हीच ५० सेकंदांची रुंदी आहे आणि २० ची उंची. त्या आयताचे क्षेत्रफळ काढणे आणि गाडी किती पुढे गेली हे काढणे, हा एकच गुणाकार आहे. सेकंदाला ‘मीटर प्रति सेकंद’ने गुणले की सेकंद जातात आणि मीटर उरतात. म्हणून कागदावरचे हे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजायचे नसते, ते मीटरमध्ये येते.

वेग बदलत असेल तेव्हाही तत्त्व तेच राहते. चढणीचा भाग एकेका सेकंदाच्या बारीक उभ्या पट्ट्यांत कापला, तर एका पट्टीपुरता वेग जवळपास स्थिर धरता येतो आणि प्रत्येक पट्टी हा एक किरकोळ आयत होतो. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे रेषेखालचा त्रिकोण. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये निकोल ओरेम या विद्वानाने गतीची अशीच आकृती मांडली होती. एकसारखा वाढत जाणारा वेग त्रिकोणाने दाखवून, त्याच्या निम्म्या उंचीच्या आयताचे क्षेत्रफळ त्रिकोणाइतकेच असते, हे त्याने दाखवले. शून्यावरून २० पर्यंत एकसारखा वाढणारा वेग आणि तेवढाच वेळ कायम असलेला १० चा वेग, दोन्हींत अंतर तेवढेच कापले जाते. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात पडणाऱ्या वस्तूंसाठी हाच मार्ग धरला.

या हिशोबाने लोकलच्या चढणीचे ४०० मीटर, माथ्याचे १००० आणि उताराचे २५० मीटर होतात. बेरीज १६५०.

आता शून्याकडे वळू. ज्याने शून्य लिहिले, त्याने रेषा परत आडव्या अक्षावर आलेली पाहिली आणि गाडी परत आली असे मानले. आलेख हा त्याला वाटेचा नकाशा वाटला. रेषा शून्यावर आली याचा अर्थ वेग शून्य झाला, म्हणजे गाडी थांबली. ती कुठे थांबली, हे रेषेच्या उंचीवरून कळत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट बायक्नर यांनी गतीचे आलेख विद्यार्थी कसे वाचतात, हे तपासण्यासाठी एक प्रश्नसंच तयार केला आणि १९९४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आलेखाला प्रत्यक्ष हालचालीचे चित्र समजणे, उंची आणि चढ यांची गल्लत करणे आणि क्षेत्रफळाचा अर्थ न कळणे, या चुका त्यांना पुन्हा पुन्हा आढळल्या. प्रश्न विस्थापनाचा असला, तरी मुलांचा हात उंचीकडे किंवा चढाकडेच जातो. म्हणून पडताळणीची पहिली पायरी अशी: आपण आलेखावरून उंची वाचली, चढ वाचला की क्षेत्रफळ, हे उत्तराशेजारी एका शब्दात लिहून ठेवायचे. उंचीवरून वेग कळतो, चढावरून त्वरण आणि क्षेत्रफळावरून विस्थापन.

२३०० चे उत्तर जास्त बोलके आहे. ते आले सर्वांत मोठ्या वेगाला पूर्ण वेळेने गुणून, २० गुणिले ११५ करून. हे पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ झाले. आलेखाची रेषा त्या चौकटीच्या आत आहे, चढणीच्या वरचा आणि उताराच्या वरचा कोपरा रिकामा आहे. तेव्हा खरे उत्तर २३०० पेक्षा कमीच असणार. दुसरीकडे, माथ्याखालचा आयत तर नक्की मिळालेलाच आहे, म्हणजे उत्तर १००० पेक्षा जास्त असणार. कुठलाही बारीक हिशोब न करता उत्तराभोवती १००० ते २३०० असे कुंपण पडले. शून्य आणि ५९४० दोन्ही त्याच्या बाहेर आहेत, आणि २३०० नेमके कुंपणावर बसले आहे. तिथे बसायला गाडीला पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगाने धावावे लागले असते.

या कुंपणातून आणखी एक गोष्ट हाती लागते. दोन्ही बाजूंच्या उतरत्या रेषा सरळ आहेत, म्हणून प्रत्येक रेषा आपल्या चौकटीचे बरोबर दोन समान भाग करते. त्यामुळे उत्तर १००० आणि २३०० यांच्या अगदी मधोमध यायला हवे. दोन्हींची बेरीज ३३००, निम्मे १६५०. समलंब चौकोनाचे सूत्र सांगते तेही हेच: समांतर बाजू ११५ आणि ५०, त्यांची सरासरी ८२.५, गुणिले उंची २०.

तीन तुकड्यांची बेरीज पुन्हा करून पाहणे ही पडताळणी नव्हे. पहिल्यांदा त्रिकोणाचे ‘निम्मे’ विसरलेला माणूस दुसऱ्यांदाही ते विसरतो. तपास वेगळ्या वाटेने व्हावा लागतो, आणि आलेखाच्या कागदावर ती वाट चौकटी मोजण्याची असते. समजा, आडवी एक चौकट १० सेकंदांची आणि उभी ५ मीटर प्रति सेकंदाची आहे. मग एका चौकटीची किंमत झाली ५० मीटर. ही किंमत आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहायची आणि मग मोजणी सुरू करायची. चढणीखाली ६ पूर्ण चौकटी आणि तिरप्या रेषेने कापलेल्या ४ अर्ध्या, म्हणजे ८. माथ्याखाली ५ गुणिले ४, म्हणजे २०. उताराखाली रेषा चौकटींना वेडीवाकडी कापते, तिथे अर्ध्याहून मोठा तुकडा एक धरायचा आणि लहान तुकडा सोडून द्यायचा. त्या ५ भरतात. एकूण ३३ चौकटी, प्रत्येकी ५० मीटर, म्हणजे पुन्हा १६५०. हे उत्तर प्रत्येक वेळी इतके काटेकोर जुळेलच असे नाही. एखाददुसऱ्या चौकटीचा फरक चालतो. दहा चौकटींचा फरक आला, तर मात्र सूत्रात किंवा वाचनात घोटाळा आहे.

राहिले ५९४०. इथे भूमितीत काहीच चुकलेले नाही. उभ्या अक्षावर वेग ताशी किलोमीटरमध्ये दिलेला होता आणि २० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. चढणीचे १४४०, माथ्याचे ३६००, उताराचे ९००, बेरीज ५९४०. पण ही बेरीज ‘ताशी किलोमीटर गुणिले सेकंद’ अशा एककात आहे आणि त्याला मीटर म्हणता येत नाही. ३.६ ने भागले की १६५० मिळतात. ५९४० हा आकडा पाहून लगेच शंका यावी, कारण दोन मिनिटांहूनही कमी वेळात लोकल सहा किलोमीटर गेली असती, तर तिचा सरासरी वेग ताशी १८५ किलोमीटरच्या वर गेला असता. आलेखात तर ती ७२ च्या पुढे जातच नाही. सरासरी वेग सर्वांत मोठ्या वेगापेक्षा जास्त येणे अशक्य आहे. म्हणून आलेल्या विस्थापनाला एकूण वेळेने भागून पाहायचे. १६५० ला ११५ ने भागले तर साधारण १४.३ मीटर प्रति सेकंद येतात. तेवढ्या उंचीवर आलेखात एक आडवी रेषा मारली, की तिच्या वर राहिलेला माथ्याचा भाग आणि तिच्या खाली दोन्ही बाजूंना रिकामे राहिलेले कोपरे सारखेच भरायला हवेत. हे नजरेनेही कळते.

छापील आलेखांत एक खाचखळगा वारंवार भेटतो. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. समजा, बसचा वेग १० सेकंदांत १२ वरून १८ मीटर प्रति सेकंद होतो आणि जागा वाचवण्यासाठी उभा अक्ष १० पासून छापला आहे. विद्यार्थी रेषेपासून कागदाच्या तळापर्यंतचे क्षेत्रफळ काढतो. उंची एका टोकाला २, दुसऱ्या टोकाला ८, सरासरी ५, गुणिले १०, उत्तर ५० मीटर. कुंपण घालून पाहिले की ही चूक लगेच उघडी पडते. बस सगळा वेळ सर्वांत कमी वेगाने गेली असती तरी १२० मीटर गेली असती, आणि सर्वांत जास्त वेगाने गेली असती तर १८०. खरे उत्तर १५० आहे. रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे रेषेपासून शून्य वेगाच्या पातळीपर्यंतचे क्षेत्रफळ. ती पातळी कागदावर दिसत नसली, तरी हिशोबात धरावी लागते.

रेषा शून्याच्या खाली उतरली, की कुंपणाचीही मर्यादा दिसते. गडाच्या बुरुजाच्या कडेवरून चेंडू सरळ वर २० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला आणि तो खाली येताना बुरुजाला न लागता कड्याबाहेर पडत गेला, असे धरू. हवेचा अडथळा सोडून दिला आणि गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले, तर वेग दर सेकंदाला १० ने कमी होतो. आलेखातली रेषा २० पासून निघते, दुसऱ्या सेकंदाला शून्य ओलांडते आणि पाचव्या सेकंदाला उणे ३० वर पोचते. अक्षाच्या वरचा त्रिकोण २० मीटरचा आहे आणि खालचा ४५ मीटरचा. वर जाणे अधिक आणि खाली येणे उणे, म्हणून विस्थापन २० वजा ४५, म्हणजे उणे २५ मीटर. चेंडू हातापासून २५ मीटर खाली आहे.

दोन्ही त्रिकोणांची बेरीज केली तर ६५ येतात. ते चेंडूने कापलेले एकूण अंतर आहे, विस्थापन नाही. कुंपण या चुकीला पकडत नाही. पाच सेकंद सर्वांत मोठ्या वेगाने, म्हणजे २० ने, १०० मीटर आणि सर्वांत लहान वेगाने, उणे ३० ने, उणे १५० मीटर, या दोन टोकांच्या मध्ये ६५ देखील बसतात आणि उणे २५ देखील. म्हणून इथे वेगळी युक्ती लागते. दुसऱ्या सेकंदाला चेंडू २० मीटर उंचीवर थांबतो. दुसऱ्या ते चौथ्या सेकंदातला अक्षाखालचा त्रिकोण वरच्या त्रिकोणाएवढाच आहे, तेव्हा दोन्ही एकमेकांना फेडतात आणि चौथ्या सेकंदाला चेंडू पुन्हा हाताच्या पातळीवर येतो. राहिला शेवटचा एकच सेकंद. त्यात वेग उणे २० वरून उणे ३० होतो, सरासरी उणे २५, म्हणून विस्थापन उणे २५ मीटर. शून्य ओलांडणाऱ्या प्रत्येक आलेखात समान क्षेत्रफळांची अशी जोडी शोधून ती खोडावी आणि उरलेला तुकडा तपासावा.

रेषा सरळ असेल तर आणखी एक जलद तपास आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग यांची सरासरी घेऊन वेळेने गुणायचे: २० आणि उणे ३० यांची सरासरी उणे ५, गुणिले ५, उणे २५. पण हा तपास एकाच सरळ रेषेपुरता खरा आहे. लोकलच्या आलेखाला तो लावला तर शून्य आणि शून्य यांची सरासरी शून्य येते आणि गाडी जागची हललीच नाही असे निघते. रेषा जिथे मोडते तिथे आलेख तोडायचा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी सरासरी लावायची. शाळेतले ओळखीचे समीकरण s = ut + ½at² वापरतानाही हेच बंधन असते. ते स्वतःच सरळ रेषेखालच्या क्षेत्रफळावरून काढलेले आहे, म्हणून त्वरण बदलले की ते नव्याने लावावे लागते.

प्रत्यक्षातल्या हालचालींच्या आलेखांत रेषा क्वचितच सरळ असते. तिथे पडताळणी कशी करायची हे पाहण्यासाठी ज्याचे उत्तर आधीच पक्के ठाऊक आहे असे उदाहरण घेणे चांगले. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले. धाव सरळ मार्गावरची, म्हणून विस्थापन १०० मीटर. त्या शर्यतीत २० मीटरला २.८८, ४० ला ४.६४, ६० ला ६.३१ आणि ८० मीटरला ७.९२ सेकंद नोंदले गेले. बंदुकीच्या आवाजानंतर त्याला निघायला ०.१४६ सेकंद लागले. या नोंदींवरून प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेग निघतो. दुसऱ्या टप्प्यात तो ११.३६ होता, तिसऱ्यात ११.९८, चौथ्यात १२.४२ आणि शेवटच्यात १२.०५ मीटर प्रति सेकंद. हे वेग त्या त्या टप्प्याच्या मधल्या क्षणावर मांडले आणि पहिल्या टप्प्यात निघण्याच्या क्षणाचा शून्य वेग थेट दुसऱ्या टप्प्याच्या बिंदूला सरळ रेषेने जोडला, तर आलेखाचा ढाचा तयार होतो.

आता क्षेत्रफळ. दुसऱ्या बिंदूपासून पुढच्या पट्ट्यांत २०, २०, २० आणि शेवटच्या अर्ध्या पट्टीत सुमारे १० मीटर येतात. पहिल्या लांबलचक त्रिकोणात २०.५ मीटरच मिळतात. एकूण ९०.५. म्हणजे बोल्ट साडेनऊ मीटर कमी धावला की काय? तसे अर्थातच नाही. चूक कुठे आहे हे आकडेच सांगतात: पुढच्या पट्ट्या तंतोतंत भरल्या आहेत, तूट सगळी पहिल्या तुकड्यात आहे. धावपटू निघताना वेग झपाट्याने वाढवतो आणि मग ती वाढ मंदावत जाते, म्हणून खरी रेषा सरळ जोडरेषेच्या वर फुगलेली असते. सरळ जोडरेषा त्या फुगवट्याखालचे मीटर खाऊन टाकते. फुगवटा वरच्या बाजूला असेल तर सरळ तुकड्यांनी काढलेले उत्तर कमी येते, आणि रेषा खाली वाकलेली असेल तर जास्त येते. त्यामुळे उत्तर किती चुकले हे आधी कळले नाही, तरी ते कोणत्या बाजूला चुकणार हे आलेखाकडे पाहूनच सांगता येते.

पहिल्या टप्प्याचा सरासरी वेग ७.३२ हा मधला बिंदू म्हणून भरला, तर तोच तुकडा २०.५ ऐवजी २६ मीटरच्या आसपास येतो आणि एकूण उत्तर ९६ च्या जवळ पोचते. एका बिंदूने तूट निम्म्याहून कमी केली. ज्या आलेखात खरे उत्तर ठाऊक नसते, तिथे हीच चाचणी लावायची. पट्ट्यांची संख्या दुप्पट करायची आणि उत्तर किती हलते ते पाहायचे. उत्तर ९०.५ वरून ९६ वर उडी मारत असेल, तर अजून पट्ट्या बारीक करायला हव्यात. उत्तर फारसे हललेच नाही तर थांबायला हरकत नाही.

क्षेत्रफळ कितीही काळजीपूर्वक काढले, तरी वस्तू सुरुवातीला कुठे होती हे त्यात नसते. आलेखावरून स्थानातला बदल मिळतो, स्थान मिळत नाही. बुरुजावरचा चेंडू हातापासून २५ मीटर खाली आहे एवढेच कळते. खाली जमीन किती खोल आहे, हे प्रश्नात वेगळे सांगावे लागते. ती ३० मीटर खोल असेल तर पाचव्या सेकंदाला चेंडू जमिनीपासून ५ मीटर वर आहे. २५ मीटर खोल असेल तर त्याच क्षणी तो जमिनीवर आदळतो. आणि प्रश्नात खोली २० मीटर दिली असेल, तर चेंडू सुमारे ४.८३ सेकंदांनाच जमिनीला लागतो, आणि पाच सेकंदांपर्यंत ओढलेली ती सरळ रेषा त्या चेंडूची असूच शकत नाही. अशा वेळी उत्तरात काही चुकलेले नसते, प्रश्नाबरोबर दिलेला आलेखच दुरुस्त करून घ्यावा लागतो.